सातला फोन करते

प्रश्न : ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण अमळनेरकडची. तिचं सासर धुळ्याला, मी जळगावला असते. तिचे वडील गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून शेतीवरून भावाशी वाजलंय. यंदा आखाजीला तिला न्यायला कोणी आलं नाही, आणि तिने फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकली. भावाचं नाव, वहिनीचं नाव, सातबारा, सह्या, आईला कसं बोलतात, सगळं. 'भावाला बहीण नको, बहिणीची सही हवी' असं शेवटी लिहिलंय. खाली कमेंटांवर कमेंटा. कोणी 'कोर्टात खेच' म्हणतंय, कोणी वहिनीला शिव्या देतंय. मी 'अगं हे इथे नको, घरातलं घरात ठेव' असं लिहिलं आणि पाठवण्याआधी खोडलं. फोन केला, ती उचलत नाही. गप्प राहिले तर म्हणेल, तूसुद्धा आली नाहीस. मी काय लिहू?

उत्तर : खोडलंत ते बरं केलंत. ती ओळ तुमच्या मनातून चांगल्या भावनेने आली असेल, पण ज्या बाईने ती वाचायची तिला ती कशी ऐकू येईल ते बघा. 'घरातलं घरात ठेव' हे वाक्य तिने या वर्षभरात कितीदा ऐकलं असेल याचा अंदाज करा. हिस्सा मागणाऱ्या लेकीला आपल्याकडे हेच सांगतात. चुलत्यांनी सांगितलं असेल, भाऊबंदांनी सांगितलं असेल, 'साडीचोळी मिळतेय ना, मग कशाला' असंही सांगितलं असेल. तेच शब्द तुम्ही चारचौघांत उच्चारले की तुम्ही भावाच्या बाजूच्या झालात. मग तुमचा फोन ती कधीच उचलणार नाही.

आणि 'इथे नको' मध्ये दटावणी आहे. ती तिला एकटीला ऐकू आली असती तर चाललं असतं, कारण शाळेपासूनची मैत्रीण रागावू शकते. पण पोस्टीखाली तिचे सासरचे आहेत, नवऱ्याच्या ऑफिसातले आहेत, माहेरच्या गल्लीतले आहेत. त्यांच्यासमोर कोणी चूक दाखवली की माणूस ती चूकच धरून बसतं. ती उलट लिहील, 'का नको? मी काय खोटं बोलतेय?' मग दुसरे चार जण तिच्या बाजूने तुमच्यावर तुटून पडतील, आणि पोस्ट आणखी वर येईल.

हे वर येण्याचं लक्षात ठेवा, कारण बरेच जण ते विसरतात. फेसबुकवर पोस्टीखाली जितकी हालचाल तितकी ती जास्त जणांपुढे जाते. तुमची कमेंट तुमच्याही ओळखीच्यांना दिसू शकते. आधी लिहिलेल्यांच्या मोबाइलवर पुन्हा घंटा वाजते आणि ते पुन्हा येऊन वाचतात. म्हणजे समजूत घालणारी कमेंटसुद्धा भांडणाला गर्दी आणते. म्हणून नियम साधा ठेवायचा : कमेंट एकच, छोटी, आणि वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला तीत काहीही हाती लागू नये.

आधी क्रम सांगते. पहिला फोन तुम्ही केलाच आहे. आता व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, पण पोस्टीचा विषय काढू नका. 'आज दिवसभर तुझीच आठवण येतेय. सातला फोन करते.' एवढंच. लांबलचक समजूत लिहू नका. रागात असलेलं माणूस लांब मेसेज पूर्ण वाचत नाही, एखादं वाक्य उचलतं. आणि लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो. तुम्ही भावाबद्दल सहानुभूतीने एखादा शब्द लिहिलात तर तो उद्या कुठे चिकटवला जाईल, सांगता येत नाही.

मेसेज पाहूनही ती गप्प राहिली, तर मग कमेंट. ती मी अशी लिहीन :

'वाचलं गं. आज संध्याकाळी सातला फोन करते, मुलांचं जेवण झालेलं नसलं तरी उचल.'

तुम्ही दोघी एकमेकींशी अहिराणीत बोलत असाल तर कमेंटही अहिराणीतच टाका. 'वाचं वं बहीण. आज सातले फोन करस, उचलजो.' त्या गर्दीत घरची बोली आली की तिला लगेच कळतं, ही आपली आहे.

आता या ओळीत काय आहे आणि काय नाही, ते जरा निरखून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. 'वाचलं' म्हटलं, 'बरोबर आहे' म्हटलं नाही. तुम्ही तिची बाजू घेतली नाही, पण तिला टाळलंही नाही. पोस्टीत आलेल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. भाऊ नाही, वहिनी नाही, शेत नाही. त्यामुळे 'मग खरंच सह्या घेतल्या का हो?' असं विचारत कोणी तुमच्या कमेंटीखाली येणार नाही. वेळ दिली आहे, तीही आजची. 'कधीही फोन कर, मी आहे' असं सगळेच लिहितात आणि त्यावर कोणी फोन करत नाही, कारण फोन करण्याचं ओझं दुखावलेल्या माणसावर टाकलेलं असतं. इथे ओझं तुमच्यावर आहे. आणि 'मुलांचं जेवण' हा शब्द मी मुद्दाम घातलाय. तो तिला पोस्टीतून तिच्या स्वयंपाकघरात आणतो. तुमच्या दोघींमध्ये दुसरी एखादी रोजची गोष्ट असेल तर ती घाला.

'पोस्ट काढ' कमेंटीत लिहू नका. आडूनही नको, 'विचार कर गं' वगैरे नको. पोस्टीचं पुढे काय करायचं ते फोनवर, आणि तेही लगेच नाही.

ती कमेंटीतच उत्तर देईल, अशी शक्यता बरीच आहे. 'फोनवर काय बोलायचं, इथेच बोल, सगळ्यांना कळू दे.' यावर एकच उत्तर : 'बरं. सातला.' बस. तुम्ही वाद घातला नाही की तिलाही घालता येत नाही. दुसरं कोणी मध्ये पडून 'तुम्हाला का मिरची लागली' म्हणालं तर त्याला उत्तरच द्यायचं नाही. एकदा सात म्हटलंत की सातलाच फोन लावा. सव्वासातला लावलात तर तिच्या मनात तुम्हीही इतरांसारख्याच.

फोनवर पहिली वीस मिनिटं फक्त ऐका. आखाजीचा विषय निघेलच. शेतापेक्षा तीच गोष्ट जास्त बोचलेली असणार, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, घरून मुराळी न्यायला जातो, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. दिवाळीला नाही गेलं तर एकवेळ चालतं, आखाजीला न्यायला कोणी आलं नाही हे गल्लीला दिसतं. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला ते झालं. तिने सातबारा लिहिला, पण त्या दिवशी रडू कोणत्या गोष्टीचं आलं ते विचारा. त्याचं उत्तर ज्या माणसाला द्यायचंय ते तिचे साडेचारशे फेसबुक मित्र नाहीत, हे तिचं तिलाच बोलता बोलता लक्षात येण्याची शक्यता आहे. तुम्ही ते सांगू नका.

मग एक प्रश्न विचारा : 'ही पोस्ट कोणी वाचावी असं तुला वाटत होतं?' बहुतेक बायका यावर थांबतात. ती म्हणेल, भावाने. किंवा म्हणेल, आईने. भावाने वाचली असेल, पण आधी त्याच्या मेहुण्याने वाचली, त्याच्या मित्राने वाचली, आणि त्याला ती 'अरे तुझी बहीण काय लिहून बसली' या वाक्यासकट मिळाली. त्या वाक्यानंतर तो मऊ होणार नाही. आईचं तर आणखी वेगळं. आई भावाकडेच राहते ना? तिच्यापुढे ती पोस्ट कोणीतरी वाचून दाखवली असणार, आणि संध्याकाळी त्याच घरात, त्याच सुनेच्या हातची भाकरी तिने खाल्ली असणार. आईचा कैवार घेताना आईचंच त्या घरातलं राहणं अवघड झालं, हा मुद्दा तुमच्या मैत्रिणीला बाकी कशाहीपेक्षा आत लागेल. पण तो जपून, एकदाच मांडा.

आता जी गोष्ट त्या सगळ्या कमेंटांमध्ये कोणीच लिहिली नसेल, ती. तिचा हक्क फेसबुकवर ठरणार नाही आणि तिच्या रागामुळे बुडणारही नाही, पण उशिरामुळे अडचणीत येऊ शकतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी मुलगी, मुलगा, आई हे सारख्या हक्काचे वारस. मृत्युपत्र असेल तर मात्र गोष्ट बदलते, ते आधी विचारा. हक्कसोड म्हणाल तर तिच्या सहीशिवाय आणि नोंदणीशिवाय ती होत नाही. दशक्रियेच्या गडबडीत कोणी साध्या कागदावर सही घेतली असेल तर त्या कागदाची प्रत मिळवून वकिलाला दाखवायची.

उशिराचा धोका आहे तो फेरफाराचा. वारसांची नोंद करताना तिचं नाव गाळलं असेल किंवा दुसरा काही फेरफार टाकला असेल, तर नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. तलाठ्याकडे लेखी हरकत दिली, पोच घेतली, की नोंद वादग्रस्त होते आणि तिची सुनावणी होते. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकूनही बघता येते, अमळनेरला जावं लागत नाही. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताकडे अपील, त्याला 60 दिवस. तेही उलटले तरी मालकी संपत नाही, कारण फेरफार महसुलासाठी असतो, मालकी दिवाणी न्यायालय ठरवतं. पण मग रस्ता लांबचा होतो. तर तिला विचारा, नोटीस आली होती का? कधी? दीडशे कमेंटांना उत्तरं देत बसण्यात हे दिवस गेले तर भावाला काहीच करावं लागणार नाही.

वकिलाचा खर्च हा मुद्दा निघेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं, आणि 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. 15100 वर फोन केला तरी मार्ग सांगतात. दावा दाखल करण्याआधी दोन्ही बाजूंना बोलावून मध्यस्थी करायची सोयही तिथे आहे, आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. मला विचाराल तर या प्रकरणाला तीच जागा योग्य आहे. घरातल्या घरात मिटवायचं असेल तर आईचा भाऊ, म्हणजे मामा, बघा. बहीण-भाऊ दोघांना ओरडू शकेल असं ते एकच माणूस असतं, आणि शेताच्या बांधाशी त्याचा संबंध नसतो. चुलत्यांना यात घालू नका, त्यांचा बांध लागून आहे.

आणखी एक कायदेशीर गोष्ट तुम्ही जाणून असा, पण तिच्यावर उगारू नका. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमात आहे. लिहिलेलं खरं होतं एवढंच सांगून त्यातून सुटका होत नाही, ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. वहिनी आईला काय बोलली यात सार्वजनिक हित दाखवणं कठीण. भावाच्या वकिलाने हे कलम लावून नोटीस पाठवली तर हिश्शाचं बोलणं बाजूला राहून बदनामीचंच चालू होईल. तुम्ही हे 'तुझ्यावर केस होईल हं' असं सांगितलंत तर ती धमकी वाटेल. 'वकिलाकडे जाशील तेव्हा पोस्टही दाखव' इतकंच म्हणा, तो सांगेल.

पोस्टीचं काय? दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनला, ती जरा निवली की. काढून टाक म्हणू नका, कारण काढणं म्हणजे हरणं असं तिला वाटेल, आणि भाऊही 'बघा, खोटं होतं म्हणून काढली' म्हणेल. पोस्टीच्या तीन टिंबांतून ती कोणाला दिसावी ते बदलता येतं. तिथे `Only me` निवडलं की पोस्ट आणि तिच्या खालचं सगळं तिच्याकडे राहतं, बाकी कोणाला दिसत नाही. ज्यांनी ती पुढे शेअर केली त्यांच्याकडेही मग मजकूर उघडत नाही. स्क्रीनशॉट गेलेले परत येत नाहीत, हे खरं. ती तयार झाली तर आधी कमेंटांसकट स्वतःसाठी स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. कोणी धमकीवजा लिहिलं असेल तर तो पुरावा उपयोगी पडेल. आणि तिला लोकांना काहीतरी सांगून निघायचं असेल तर पोस्ट बंद करायच्या आदल्या दिवशी तिने स्वतः एक ओळ लिहावी : 'विचारपूस करणाऱ्यांचे आभार. हा विषय आता योग्य ठिकाणी बोलतेय.' यात माघार नाही, आणि भावाला बोलायला वाटही राहते.

ती नाहीच म्हणाली, तर सोडून द्या. पोस्ट तिची आहे, भाऊ तिचा आहे. तुम्ही रोज आठवण करून देऊ लागलात की तुमचा फोनही ती टाळेल, आणि नोटिशीच्या तारखेचं विचारणारं कोणी उरणार नाही. ते जास्त महागात पडेल.

तुमच्याकडे दोन प्रकारचे फोन येतील, त्यांची तयारी ठेवा. जुन्या वर्गमैत्रिणी विचारतील, 'अगं काय झालं तिच्याकडे?' त्यांना, 'तिलाच विचार, मी मध्ये नको.' दुसरा फोन भावाचा येऊ शकतो. तुम्ही लहानपणापासून त्या घरी जेवलेल्या, त्यामुळे 'तू तरी समजाव तिला' म्हणेल. त्याला आदराने सांगा, 'भाऊ, तुम्ही स्वतः तिला फोन करा, ती उचलेल.' तुम्ही निरोप्या झालात की दोघांचेही शब्द तुमच्या तोंडून बदलून जातील. स्वतःहून त्याला फोन करायचा मोह तर टाळाच, मैत्रिणीला ते कळल्याशिवाय राहत नाही.

हे सगळं मी एका गृहीतावर सांगतेय, की भांडण शेतीचं आणि मानापमानाचं आहे. पोस्टीत मारहाणीचा, आईला उपाशी ठेवल्याचा किंवा जिवाच्या धमकीचा उल्लेख असेल तर बाजू उलटते. अशा वेळी चारचौघांत लिहिणं हा कधी कधी त्या बाईचा एकमेव बचाव असतो, आणि तिला गप्प खोलीत बोलवणं धोक्याचं ठरू शकतं. मग कमेंटीत फोनची वेळही लिहू नका. थेट फोन करून विचारा, 'तू सुरक्षित आहेस का? आई आहे का?' उत्तर नाही असं आलं किंवा फोनच लागला नाही, तर 112 ला कळवा. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. आईच्या बाबतीत, ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि आईला स्वतः जमत नसेल तर तिने अधिकार दिल्यावर तिच्या वतीने मुलगीही तो करू शकते.

तुमच्या पत्रात 'आईला कसं बोलतात' इतकंच आहे. ते फक्त बोलणंच आहे ना, हे आज सातच्या फोनवर नीट विचारून घ्या. आणि तिने आजही उचलला नाही, तर उद्या सकाळची धुळ्याची बस पकडा. पारोळ्यावरून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. जाताना कळवू नका, इकडे कामाला आले होते म्हणा.